शेत माझं बुडालं, मग विम्याचे पैसे का नाही आले? पीक विमा भरण्याआधी हा हिसाब समजून घ्या

आमच्या जेसल पार्कमध्ये राहणाऱ्या बऱ्याच घरांची अजूनही गावाला थोडीफार जमीन आहे. कुणाची कोकणात भाताची दहा-पंधरा गुंठे, कुणाची मराठवाड्यात सोयाबीनची दोन-अडीच एकर. इथे नोकरी-धंदा आणि तिथे भाऊ, चाचा नाहीतर मामू शेती बघतात. जून-जुलै आला की गावाहून फोन येतो, "या वर्षी विमा भरू की नको?" आणि लगेच पुढचं वाक्यही येतं, "भरून काय फायदा? मिळत तर काहीच नाही."

गेल्या खेपेला माझे मामू डोळे तपासायला इथे आले होते. संध्याकाळी खाडीकिनारी बसलो असताना त्यांनी हीच तक्रार काढली. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत त्यांचं अडीच एकर सोयाबीन चार दिवस पाण्याखाली होतं. विमा भरलेला होता. नुकसान कळवायला फोन केला तर उत्तर मिळालं की अशी वैयक्तिक तक्रार आता घेत नाहीत. मामू म्हणाले, "बेटा, शेत माझं, हप्ता माझा, पाणी माझ्या शेतात. मग हिसाब कुणाच्या शेताचा करतात?"

मामूंचा प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि त्याच्या उत्तरातच या योजनेची सगळी गोष्ट आहे. हिसाब एका शेताचा होत नाही, अख्ख्या महसूल मंडळाचा होतो.

२०२५ मध्ये काय बदललं

प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ च्या खरिपापासून चालू आहे. महाराष्ट्रात २०२३ च्या खरिपापासून शेतकऱ्याला फक्त एक रुपया भरावा लागायचा, बाकीचा हप्ता सरकार भरायचं. त्या काळात शेतात पाणी साचलं, गारपीट झाली किंवा कापून ठेवलेलं पीक भिजलं तर ७२ तासांत कळवायचं आणि मग पाहणी व्हायची, अशी सोय होती. पण एक रुपयात विमा म्हटल्यावर खोटे अर्जही लाखोंनी आले. सरकारी जमीन, धार्मिक स्थळांची जमीन, कुठे कुठे न पेरलेल्या पिकाचाही विमा उतरवला गेला.

२०२५ च्या खरिपापासून राज्याने एक रुपयाची योजना बंद केली. आता शेतकऱ्याचा हिस्सा खरिपाला विमा रकमेच्या जास्तीत जास्त २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि कापूस, कांद्यासारख्या नगदी पिकांना ५ टक्के आहे. बाकीचा हप्ता केंद्र आणि राज्य सरकार मिळून भरतात. पण त्याच वेळी दुसरी गोष्टही झाली, जी गावात फार कमी लोकांपर्यंत पोहोचली. पाणी साचणं, काढणीनंतरचं नुकसान, हंगामाच्या मध्यातली आपत्ती, पेरणीच न होणं, ही सगळी जादा संरक्षणं राज्याने काढून टाकली. उरलं फक्त एक, म्हणजे पीक कापणी प्रयोगात मंडळाचं उत्पन्न कमी निघालं तर भरपाई. मामूंच्या फोनला जे उत्तर मिळालं, त्याचं कारण हेच.

हिसाब कसा होतो

प्रत्येक महसूल मंडळात एका पिकाचे किमान दहा कापणी प्रयोग होतात. कोणतं शेत घ्यायचं ते आकड्यांच्या चिठ्ठीने ठरतं. त्या शेतात ठरलेल्या मापाचा चौकोन आखतात, तेवढंच पीक कापून, मळून, वजन करतात. त्यावरून मंडळाचं हेक्टरी उत्पन्न काढतात. भात, सोयाबीनसारख्या काही पिकांना त्यात उपग्रहाच्या मदतीने काढलेला अंदाजही मिसळतात.

या आकड्याची तुलना करतात ती 'उंबरठा उत्पन्ना'शी. मागच्या सात वर्षांपैकी सर्वात चांगली पाच वर्षं घ्यायची, त्यांची सरासरी काढायची आणि तिचे ७० टक्के धरायचे. महाराष्ट्रात ही ७० टक्क्यांची पातळी आहे. यंदाचं उत्पन्न त्या उंबरठ्याच्या खाली गेलं तरच पैसे मिळतात.

मामूंना मी वहीवर उदाहरण करून दाखवलं. आकडे मी समजण्यासाठी घेतलेत, तुमच्या मंडळाचे वेगळे असतील.

समजा, मंडळात सोयाबीनचं सात वर्षांचं हेक्टरी उत्पन्न असं आहे : १४, १२, ९, १३, ६, ११ आणि १० क्विंटल. यातली ९ आणि ६ ही दोन कमजोर वर्षं सोडली. उरलेल्या पाचांची बेरीज ६०, सरासरी १२ क्विंटल. तिचे ७० टक्के म्हणजे ८.४ क्विंटल. हा झाला उंबरठा. विमा रक्कम हेक्टरी ५०,००० रुपये धरली तर २ टक्क्यांनी हप्ता १,००० रुपये.

आता यंदा मंडळाचं उत्पन्न ६.३ क्विंटल निघालं. उंबरठ्यापेक्षा २.१ क्विंटल कमी. २.१ ला ८.४ ने भागलं की येतो पाव हिस्सा, म्हणजे २५ टक्के. ५०,००० चे २५ टक्के १२,५०० रुपये. मंडळातल्या विमा भरलेल्या प्रत्येकाला, ते पीक घेतलेल्या प्रत्येक हेक्टरमागे इतकेच. ज्याचं सगळं गेलं त्यालाही १२,५०० आणि ज्याचं उंचवट्यावरचं पीक बरं आलं त्यालाही १२,५००.

दुसरी शक्यता पाहा. मंडळाचं उत्पन्न ९ क्विंटल निघालं. नेहमीच्या १२ पेक्षा तीन क्विंटल कमी, म्हणजे चौथा हिस्सा गेला. तरी ९ हे ८.४ च्या वर आहे, म्हणून मिळणार शून्य. आणि तुमचं शेत नाल्याकाठी असून पूर्ण वाहून गेलं असेल, तरीही शून्य.

मामू थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे हा माझा विमा नाहीच. हा मंडळाचा विमा आहे." इतक्या नेमक्या शब्दांत मलाही सांगता आलं नसतं.

मग भरायचा की नाही

हे तुमच्या जमिनीवर अवलंबून आहे. तुमचं नुकसान बहुतेक वेळा सगळ्या पंचक्रोशीबरोबर होत असेल, म्हणजे पावसाचा मोठा खंड, सगळीकडे अतिवृष्टी, सगळीकडे रोग, तर हा विमा कामाचा आहे. हजार रुपयांच्या हप्त्यावर वाईट वर्षात काही हजार मिळू शकतात. पण तुमचं नुकसान एकट्याचं असेल, जसं नदीकाठचं शेत, रानडुकरांचा त्रास, खारं पाणी शिरणं, तर या विम्याच्या भरोशावर राहू नका.

इथे एक बदल लक्षात ठेवा. जंगली प्राण्यांचं नुकसान आणि भातशेतीत पाणी साचणं ही दोन संरक्षणं २०२६ च्या खरिपापासून देता येतील, असं केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं. त्यात नुकसान ७२ तासांत ॲपवर फोटोसह कळवायचं असतं. पण ती राज्याने आपल्या अधिसूचनेत घेतली तरच लागू होतात. म्हणून हप्ता भरण्याआधी कृषी कार्यालयात एकच प्रश्न विचारा, "आपल्या जिल्ह्यात या हंगामाला कोणकोणतं संरक्षण आहे?"

आणि पंचनामा म्हणजे विमा नव्हे. अतिवृष्टीनंतर गावात महसूलवाले पंचनामा करतात, ती सरकारी मदत वेगळी. कोरडवाहू पिकाला २०२५ मध्ये तिचा मूळ दर हेक्टरी ८,५०० रुपये होता, आणि ती विमा न भरलेल्यालाही मिळते. मामूंना मिळालेले पैसे हे होते, आणि ते समजत होते की विम्याचेच कापून दिले. विम्याचा निकाल कापणीचे आकडे आल्यावर लागतो, त्याला पुढे काही महिने जातात.

विमा जायज की नाजायज, हे सांगणारा मी नाही. ते आपापल्या आलिमांना विचारा. पण विचारताना योजना खरी कशी आहे तेच त्यांच्यापुढे ठेवा.

शहरात राहणाऱ्यांची चूक कुठे होते

भरायचं ठरलं तर तीन ठिकाणी अर्ज अडकतो.

पहिलं, सातबारा. वालिद साहेबांचा इंतकाल होऊन वर्षं झाली तरी वारसांची नावं चढलेली नसतात. आता अर्जाला शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे फार्मर आयडी लागतो आणि तो जमिनीच्या नोंदीवरच निघतो. वारस नोंद आधी करून घ्या. सामायिक खात्यात तुमच्या हिश्श्याचंच क्षेत्र भरा. चार भावांपैकी एकाच्या वाट्याला दहा गुंठे असतील, तर भरपाईही दहा गुंठ्यांचीच येणार. तुटपुंजी रक्कम आली म्हणून ओरड होते, तिचं एक कारण हेही असतं.

दुसरं, ई-पीक पाहणी. ही मोबाईलवरून शेतात उभं राहूनच करावी लागते. भाईंदरमध्ये बसून होत नाही. विमा सोयाबीनचा आणि पाहणीत तूर नोंदली, तर दावा नाकारला जाऊ शकतो. गावच्या भावाला फोन करून दोन्हीकडे एकच पीक, एकच गट नंबर आहे ना, हे विचारा. आणि जमीन बटईने दिली असेल तर विमा कसणारा भरणार की मालक, हे आधीच ठरवा. कसणाऱ्याला नोंदणीकृत भाडेकरार लागतो. दोघांनी एकाच शेताचा भरला तर दोघंही अडकतील.

तिसरं, बँक. पैसे आधारला जोडलेल्या खात्यातच येतात. ते खातं बंद पडलेलं नाही ना, बघा. पीक कर्ज घेतलं असेल आणि विमा नको असेल, तर मुदतीच्या सात दिवस आधी बँकेला तसं लेखी द्यावं लागतं. नाही दिलं तर हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो.

सेवा केंद्रात अर्ज भरायचे वेगळे पैसे देऊ नका. केंद्रचालकाला अर्जामागे ४० रुपये विमा कंपनीकडून मिळतात. पावती घ्या, तिच्यावरचं क्षेत्र, पीक आणि खाते क्रमांक तिथेच वाचा. नंतर अर्जाची स्थिती pmfby.gov.in वर किंवा १४४४७ या हेल्पलाइनवर कळते.

शेवटी एक काम असं आहे की ते गावातला माणूसच करू शकतो. कापणी प्रयोग कोणत्या गटात, कोणत्या दिवशी आहे, हे तलाठी, ग्रामसेवक किंवा कृषी सहायकाला विचारून तिथे हजर राहायचं. चौकोन बरोबर आखला का, वजन किती भरलं, कागदावर तेच लिहिलं का, हे उघड्या डोळ्यांनी बघायचं. मंडळातल्या हजारो घरांचे पैसे त्या दहा वजनांवर ठरतात. मामू गावी परतताना म्हणाले, "या वर्षी हप्ता भरीन, पण कापणीच्या दिवशी बांधावर उभाही राहीन."