दुसऱ्यांदा आलेली सायकल

‘माय अंकल बॉट अ बायसिकल. ___ बायसिकल हॅड नो बेल.’ रिकाम्या जागी ‘अ’ लिहिलेले उत्तर चूक ठरते. दुसरे वाक्य सुटे वाचले तर ‘अ’ घालूनही त्यात व्याकरणाची चूक नाही; अडचण पहिल्या वाक्यामुळे येते.

‘अ’ हे उपपद वाचणाऱ्याला नवी वस्तू दाखवते. काकांनी घेतलेली सायकल त्याला आता माहीत झालेली असते. पुढे पुन्हा ‘अ बायसिकल’ आले की ही कुठली तरी दुसरीच सायकल, असे तो समजतो आणि काकांच्या सायकलीचे काय झाले, ते कळतच नाही. ‘द’ लिहिले की ‘तीच ती’ हे स्पष्ट होते. मराठीत पहिल्यांदा ‘एक सायकल’ म्हटले तरी पुढे नुसते ‘सायकल’ चालते. त्यामुळे तिथे काही लिहायचे असते हेच मराठी विद्यार्थ्याच्या लक्षात येत नाही.

मात्र ‘दुसऱ्यांदा आले की द’ असे घोकणेही धोक्याचे. ‘इट वॉज अ गुड बायसिकल’ यात सायकल तीच आहे, तरी ‘अ’ बरोबर, कारण ओळख पटवण्याचे काम ‘इट’ने केलेले आहे आणि उरलेले शब्द ती कशा प्रकारची होती एवढेच सांगतात. म्हणून रिकाम्या जागेपाशी ‘कोणती?’ असे विचारावे. उत्तर मागच्या वाक्यात सापडले तर ‘द’ लिहावे.