मंच मौन राहिला तर दाद बुलढाण्यात

समजा, नांदुऱ्यातील एखाद्या गृहस्थाचे, वार्षिक वर्गणी भरून चालविलेले ऑनलाइन खरेदीचे खाते अकस्मात गोठले, त्यात परताव्याची रक्कम अडकली आणि ग्राहकसेवेकडून केवळ ठराविक उत्तरे आली, तर त्याने प्रथम त्या खरेदी-मंचाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडेच लेखी अर्ज करावा. कारण 2020 च्या ई-कॉमर्स नियमांची मुदत त्या अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे, ग्राहकसेवेच्या गप्पांवर नव्हे. त्याचे नाव व संपर्क मंचावर प्रसिद्ध असलाच पाहिजे. पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात, असा दंडक असल्यामुळे अर्जाची तारीख व तक्रार क्रमांक जपून ठेवणे मला अत्यावश्यक वाटते. पुढे तेच मौन सिद्ध करतात.

महिना उलटल्यावर कंपनीच्या दूरस्थ मुख्यालयाकडे धाव घेण्याचे प्रयोजन नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराच्या निवासस्थानीही दाद मागता येते, म्हणून बुलढाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात दावा दाखल होतो. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्कही नाही. मुदत मात्र कारण उद्भवल्यापासून दोन वर्षे. वर्गणीची पावती अवश्य जोडावी, कारण सर्वस्वी विनामूल्य खात्याच्या बाबतीत मोबदल्याअभावी ‘ग्राहक’ ठरण्यावरच हरकत येऊ शकते.