वाटाण्याचं एक झाड आणि तीन चाचण्या

ग्रेगोर मेंडेल यांचा वाटाण्यांवरचा निबंध १८६६ साली छापून आला. त्यातल्या पहिल्या प्रयोगात त्यांनी २५३ संकरित झाडांचे ७,३२४ दाणे मोजले होते. पैकी ५,४७४ गोल होते आणि १,८५० सुरकुतलेले. तीन गोलांमागे एक सुरकुतलेला, हे प्रमाण शाळेच्या पुस्तकातून आपल्या ओळखीचं आहे. पण मेंडेल यांनी त्याच निबंधात टोकाची दोन झाडंही नोंदवली आहेत. एकावर ४३ गोल आणि फक्त २ सुरकुतलेले दाणे होते, दुसऱ्यावर १४ गोल आणि १५ सुरकुतलेले. अशी झाडं त्यांनी वगळली नाहीत, याचं मला फार कौतुक वाटतं.

‘दाणा गोल निघण्याची संभाव्यता पाऊण, म्हणजे ०.७५ आहे’ हा दावा संख्याशास्त्रात एक अट मानला जातो. हाती आलेले आकडे या अटीशी जुळतात का, हे तपासायच्या तीन चाचण्या पाठ्यपुस्तकांत शेजारी शेजारी दिलेल्या असतात : लाइकलिहूड रेशो, वाल्ड आणि स्कोअर. तिन्ही सारख्याच आहेत, कोणतीही वापरा, अशी समजूत त्यामुळे होते. ४३ आणि २ दाण्यांचं ते एक झाड ही समजूत मोडून काढतं.

आधी लाइकलिहूड म्हणजे काय ते पाहू. गोल दाण्याची संभाव्यता आपण मनाशी काहीही धरली, तरी नेमके ४३ आणि २ दाणे मिळण्याची शक्यता किती, हे काढता येतं. ही संभाव्यता शून्यापासून एकापर्यंत सरकवत नेली की ती शक्यता आधी वाढते, ४५ पैकी ४३ या प्रमाणाला, म्हणजे ०.९५६ ला, सर्वाधिक होते आणि पुढे कोसळते. तिचा लॉगरिदम घेऊन आलेख काढला तर एक डोंगर दिसतो. त्याचा माथा ०.९५६ वर आहे आणि आपली अट ०.७५ वर, डाव्या उतारावर कुठेतरी.

लाइकलिहूड रेशो चाचणी या दोन जागांच्या उंचीतला फरक मोजते आणि त्याची दुप्पट करते. ती दुप्पट कोणत्या मापाशी ताडायची, हे सॅम्युएल विल्क्स यांनी १९३८ मध्ये दाखवलं. अब्राहम वाल्ड यांची १९४३ ची चाचणी माथ्यावर उभी राहते. अटीची जागा तिथून किती दूर आहे ते आडवं मोजते, आणि माथा जितका टोकदार तितकं त्या अंतराला वजन देते. तिसरी चाचणी सी. आर. राव यांची, १९४८ ची. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमधून केंब्रिजला गेलेले राव तेव्हा फिशर यांच्याकडे संशोधन करत होते. त्यांची चाचणी माथ्याकडे जातच नाही. ती अटीच्या जागी उभी राहून पायाखालचा उतार पाहते. अट खरी असेल तर माथा जवळच असणार आणि जमीन जवळपास सपाट लागणार. उतार तीव्र असेल तर अट संशयास्पद ठरते.

एकच अट असते तेव्हा तिन्ही चाचण्यांचा आकडा ३.८४ शी ताडतात. अट खरी असूनही केवळ योगायोगाने आकडा याच्या वर जाण्याची शक्यता शंभरात पाच असते. मेंडेल यांच्या सगळ्या ७,३२४ दाण्यांवर तिन्ही चाचण्या लावल्या तर तिन्हींचं उत्तर ०.२६ येतं. फरक तिसऱ्या दशांश स्थळी दिसू लागतो. आकडे भरपूर असले की माथ्याजवळचा भाग गुळगुळीत आणि दोन्ही बाजूंनी सारखा होतो. अशा भागात उंची, अंतर आणि उतार यांपैकी काहीही मोजलं तरी निष्कर्ष एकच निघतो.

आता ४३ आणि २ चं झाड घ्या. स्कोअर चाचणीचा आकडा १०.१ येतो, लाइकलिहूड रेशोचा १३.९ आणि वाल्डचा ४४.८. तिन्ही ३.८४ च्या वर आहेत, त्यामुळे अट तिन्हींकडून नाकारली जाते. पण त्यांचे अर्थ लावले की अंतर केवढं आहे ते कळतं. स्कोअरच्या हिशेबाने अशी घटना दहा हजारांत १४-१५ वेळा घडेल, लाइकलिहूड रेशोच्या हिशेबाने दोनदा. वाल्डच्या हिशेबाने ती साधारण ४,५०० कोटींत एकदा घडेल. कोणत्याही चाचणीविना थेट गणित केलं, तर ४५ पैकी ४३ किंवा अधिक दाणे गोल निघण्याची शक्यता दहा हजारांत तीन येते. दुसरी बाजूही धरायची म्हणून ती दुप्पट केली तर सहा. खरं उत्तर असं स्कोअर आणि लाइकलिहूड रेशो यांच्या मधोमध पडतं. २५३ झाडांतून निवडलेलं सर्वांत टोकाचं झाड म्हणून ते समजण्यासारखंही आहे. वाल्डचा आकडा मानला तर मात्र मेंडेल यांच्या बागेत एक अशक्य झाड उगवलं होतं असं म्हणावं लागेल. ०.९५६ इतक्या टोकाला माथा फार टोकदार असतो, आणि वाल्ड चाचणी तोच टोकदारपणा सगळ्या डोंगराला लागू करते. १४ आणि १५ च्या झाडावर माथा मध्याकडे आणि पसरट आहे, तर तिथे क्रम उलटतो : वाल्ड ८.३, लाइकलिहूड रेशो ९.५, स्कोअर ११.०.

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. मेंडेल यांची अट ‘गोल दाणे पाऊण’ अशी मांडता येते, तशी ‘गोल आणि सुरकुतलेल्यांचं गुणोत्तर ३’ अशीही. अर्थ तोच, दाणेही तेच. पण वाल्ड चाचणी गुणोत्तरावर केली, २१.५ आणि ३ मधलं अंतर मोजलं, तर आकडा १.४ येतो. अट चक्क स्वीकारली जाते! गुणोत्तराचा लॉगरिदम घेऊन केली तर ७.४ येतो. म्हणजे ४४.८, ७.४ आणि १.४, एकाच झाडाचे आणि एकाच प्रश्नाचे. आडवी मोजपट्टी ताणली की आडवं अंतर आणि माथ्याचा बाक दोन्ही बदलतात, पण एकमेकांना पुरे भरून काढत नाहीत. मोजपट्टी ताणल्याने डोंगराची उंची मात्र बदलत नाही, म्हणून लाइकलिहूड रेशो १३.९ वरच राहतो. स्कोअरमध्ये उतार आणि त्याचं अपेक्षित माप एकाच प्रमाणात बदलतात, म्हणून तोही १०.१ वरच राहतो.

तरीही सर्वाधिक वापर वाल्डचाच होतो, कारण तो फुकट मिळतो. संगणकाने प्रतिमान एकदा जुळवलं की प्रत्येक गुणांकाशेजारी त्याची प्रमाण त्रुटी छापलेली असते, आणि भागाकार केला की वाल्ड तयार. लाइकलिहूड रेशोसाठी प्रतिमान दोनदा जुळवावं लागतं, अटीसह आणि अटीविना. स्कोअरला फक्त अटीसह जुळवलेलं पुरतं, म्हणून मोठं प्रतिमान जुळवणंच कठीण असतं तिथे तो उपयोगी पडतो.

रुग्ण बरा झाला की नाही अशा हो-नाही उत्तरांच्या अभ्यासात वापरतात ते लॉजिस्टिक प्रतिमान लॉगरिदमच्या मोजपट्टीवर चालतं. १९७७ मध्ये हॉक आणि डॉनर यांनी दाखवलं की तिथे परिणाम फार मोठा असेल तर वाल्डचा आकडा वाढण्याऐवजी घटू लागतो. आपल्या झाडावर ४५ च्या ४५ दाणे गोल असते तर गुणांक अनंताकडे पळाला असता, त्याची प्रमाण त्रुटी त्याहून वेगाने फुगली असती आणि वाल्डचा आकडा शून्याशी आला असता. पुरावा सर्वांत भक्कम असताना ही चाचणी ‘काही आढळलं नाही’ म्हणाली असती. त्याच दाण्यांवर स्कोअर १५ आणि लाइकलिहूड रेशो २५.९ येतो. छापलेल्या तक्त्यात एखादा गुणांक अवास्तव मोठा आणि त्याची त्रुटी त्याहून कितीतरी मोठी दिसली, तर त्या ओळीपुरतं प्रतिमान अटीसह पुन्हा जुळवावं आणि दोन उंचींतला फरक काढावा.