बॅटमध्ये अडकलेला चेंडू

अ‍ॅटारीसाठी अ‍ॅलन अल्कॉर्न यांनी १९७२ मध्ये ‘पाँग’ घडवला, तेव्हा बॅटचे आठ भाग पाडले होते. मधल्या भागावरून चेंडू सरळ जाई, टोकाकडून तिरका. आज तसाच खेळ लिहिणाऱ्यांचा चेंडू नेमका हा कोन घातल्यावर बॅटमध्ये थरथरत अडकतो. दोष कोनाचा नाही. तो फक्त लपलेली चूक उघडी पाडतो. समजा, बॅटची पुढची कड २० वर आहे. चेंडू २२ वरून, दर फ्रेमला ६ घरे डावीकडे येत, १६ वर पोचतो, म्हणजे ४ घरे आत. नुसती दिशा उलटली तर पुढच्या फ्रेमला तो २२ वर, सुखरूप बाहेर. पण ६० अंशांच्या कोनात आडवा वेग निम्मा, म्हणजे ३ होतो. चेंडू १९ वरच राहतो, पुन्हा टक्कर धरली जाते, दिशा पुन्हा उलटते. बॅटही त्याच्यासोबत सरकत असेल, तर सुटका लांबतेच.

टक्करीनंतर काही फ्रेम तपासणीच थांबवावी, असे कुणी म्हणेल. पण किती फ्रेम, हे वेगागणिक बदलते. तो अंदाजच ठरतो. त्यापेक्षा चेंडू बॅटकडे येत असेल तरच टक्कर माना आणि त्याला कडेवर आणून ठेवा:

```
if (vx < 0 && hit) {
  x = 20;
  vx = s * cos(a);
  vy = s * sin(a);
}
```

इथे `s` हा एकूण वेग. `a` हा कोन बॅटच्या मध्यापासूनच्या अंतरावरून काढा, पण ७५ अंशांपुढे जाऊ देऊ नका. ९० अंशांना आडवा वेग शून्य होतो.