तो परत येईल का?

टॅरोच्या ७८ पानांना भविष्य कळतं, याला पुरावा नाही. तरीही अनेक जण स्वतःच्या मनाचा ठाव घ्यायला ती काढतात. फसगत होते ती इथेच, कारण विचारणाराही तोच आणि अर्थ लावणाराही तोच.

समजा, नातं तुटल्यावर एका तरुणीने विचारलं, ‘तो परत येईल का?’ तीन पानं निघाली: फाइव्ह ऑफ कप्स, टू ऑफ स्वोर्ड्स आणि सिक्स ऑफ कप्स. १९०९ साली पामेला कोलमन स्मिथ यांनी चितारलेला संच आज सर्वांत जास्त वापरला जातो. त्यात या शेवटच्या पानावर एक मुलगा लहान मुलीला फुलांनी भरलेला पेला देताना दिसतो. ‘जुनं माणूस परत येतंय!’ असं तिला लगेच वाटतं. त्याच चित्रात मागे एक जण पाठ फिरवून चाललाय, तिकडे तिचं लक्षच जात नाही. शिवाय या पानाचा रूढ अर्थ आहे बालपण, आठवणी, हळवेपणा. आठवण तिलाच येतेय, हा अर्थही तितकाच बसतो.

पान मनासारखं आलं नाही, तर ‘स्पष्टीकरणासाठी’ आणखी काढायची सवय त्याहून घातक. साधं गणित बघा. तिच्या दृष्टीने ७८ पैकी २० पानं ‘चांगली’ असतील, तर तीन पानांत त्यातलं एखादं तरी निघण्याची शक्यता सुमारे ५९ टक्के. आणखी तीन काढली की ती ८४ टक्क्यांवर जाते. म्हणजे होकार मिळाला तो जादा पानांमुळे.

म्हणून नियम पत्ते पिसण्याआधीच वहीत लिहायचे: पानं किती, कुठल्या जागेचा अर्थ काय, उलटं पडलेलं पान वेगळं धरायचं की नाही. प्रश्नही बदलावा. त्याच्या मनातलं विचारण्यापेक्षा ‘मी काय बघायचं टाळतेय?’ हे विचारलं, तर उत्तर तपासता तरी येतं. पानं उघडल्यावर आधी फक्त चित्रात दिसतं तेवढंच लिहायचं. फाइव्ह ऑफ कप्सवर तीन पेले सांडलेत, मागे दोन उभे आहेत, आणि काळ्या झग्यातला माणूस सांडलेल्यांकडेच बघतोय. मग दोन अर्थ लिहायचे, एक हवासा आणि एक नकोसा, दोन्ही सारख्याच तपशिलात. नकोसा अर्थ एका ओळीत आटपला, तर तिथे टाळाटाळ झाली असं खुशाल समजावं.

रडू आवरत नसेल, त्या रात्री पत्ते कपाटातच बरे.

आणखी एक तपासणी आहे. पानांचा फोटो आणि जागांचे अर्थ एखाद्या मैत्रिणीला द्यायचे. माणूस कोण, प्रश्न कशाचा, हे मात्र सांगायचं नाही. तिने लिहिलेलं आणि आपण लिहिलेलं शेजारी ठेवायचं. पहिल्या दोन पानांवर दोघींचं जुळलं आणि सिक्स ऑफ कप्सवर मैत्रिणीने फक्त ‘जुन्यात अडकलेली’ एवढंच लिहिलं, तर ‘परत येतंय’ कुठून आलं ते वहीतच दिसतं.