घर एक, कागद तीन

गेल्या महिन्यात माझा भाचा पुण्यात फ्लॅट पाहून आला आणि तीन कागद पुढ्यात ठेवून म्हणाला, "मामा, यातलं खरं कोणतं?" एक होते गुळगुळीत माहितीपत्रक: फ्लॅट ९८० चौरस फूट, ताबा डिसेंबर २०२७. दुसरा बिल्डरच्या संकेतस्थळाचा छापील उतारा: 'किंमत ६४ लाखांपासून'. तिसरे दरपत्रक. त्याची बेरीज मात्र ७१ लाखांच्या वर!

आम्ही आधी क्षेत्रफळ पाहिले, कारण किमतीचा घोळ तिथेच सुरू होतो. ९८० फुटांत जिना आणि लॉबीचा वाटाही धरलेला होता. २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे घराचे माप चटई क्षेत्रात, म्हणजे कार्पेटमध्ये सांगावे लागते. त्यात घरातल्या आतल्या भिंती येतात; बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि गच्ची येत नाहीत. दरपत्रकात खाली बारीक अक्षरांत कार्पेट होते ७०० फूट. ६,६०० रुपये दराने ९८० फुटांचे होतात ६४ लाख ६८ हजार. तीच रक्कम ७०० ने भागली, तर खरा दर निघतो ९,२४० रुपये. शेजारच्या इमारतीशी तुलना करायची ती या दराने.

संकेतस्थळावरचे ६४ लाख खोटे नव्हते, अपुरे होते. वरच्या मजल्याचा आकार आणि इतर खर्च मिळून ३ लाख, आणि त्या सगळ्यावर ५ टक्के जीएसटी. एकूण ७१ लाख ६ हजार ४००. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी आणखी वेगळी.

तारखेसाठी आम्ही चौथा दाखला काढला. माहितीपत्रकावरचा नोंदणी क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर घातला. तिथे बिल्डरने स्वतः लिहून दिलेली पूर्णत्वाची तारीख होती ३० जून २०२९. दीड वर्षाचा फरक! तेवढे महिने घरभाडे आणि बँकेचे व्याज दोन्ही भरायचे. ताब्याला उशीर झाला तर बिल्डरकडून व्याज मागता येते, पण ते विक्री करारातल्या तारखेपासून मोजतात, चकचकीत चित्राखालच्या तारखेपासून नव्हे.

म्हणून माहितीपत्रक रद्दीत टाकायचे का? मुळीच नाही. त्यातल्या खोट्या मजकुरावर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झाले, तर कायद्याच्या १२ व्या कलमाखाली भरपाई मागता येते. संकेतस्थळ मात्र रातोरात बदलते. त्याचे पान तारखेसह छापून ठेवावे.

भाच्याने कचेरीत लेखी विचारले: कार्पेट किती, एकूण रक्कम किती, करारात ताब्याची तारीख कोणती? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सहीशिक्क्यानिशी आली. तारखेबद्दल "करार करताना पाहू" म्हणाले. नोंदणीकृत करार होईपर्यंत किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. भाच्याने अजून चेकच फाडलेला नाही.