रेझ्युमेतील क्रियापदांचा काळ

इंग्रजी रेझ्युमेत कर्ता लिहीत नाहीत. प्रत्येक ओळ थेट क्रियापदाने सुरू होते. त्यामुळे काम चालू आहे की संपले, हे त्या पहिल्या शब्दावरूनच कळते. सोडलेल्या नोकरीची प्रत्येक ओळ भूतकाळात लिहायची, हा नियम सोपा आहे. गोंधळ होतो तो सध्याच्या नोकरीबाबत, कारण तिथे काही कामे रोजची असतात, तर काही पूर्ण झालेली.

समजा, एक व्यक्ती 2021 पासून एका गोदामात पर्यवेक्षक आहे. बारा कामगारांची पाळी सांभाळणे हे तिचे रोजचे काम, म्हणून तिथे ‘मॅनेज’ येईल. ‘मॅनेजेस’ किंवा ‘मॅनेजिंग’ नाही. बारकोड यंत्रणा 2023 मध्ये बसवून झाली, म्हणून नोकरी तीच असली तरी ‘इन्स्टॉल्ड’ लिहायचे. त्या यंत्रणेमुळे साठ्यातील चुका निम्म्यावर आल्या, हा गाठलेला टप्पा आहे. तिथे ‘रिड्यूस्ड’ योग्य. साठ्याची अचूकता मात्र आजही दर महिन्याला राखली जात असेल, तर ती ओळ ‘मेंटेन’ने सुरू होईल.

अशा नोंदीत वर्तमानकाळाच्या ओळी आधी आणि भूतकाळाच्या नंतर ठेवल्या की वाचणाऱ्याला सरमिसळ वाटत नाही. एकाच ओळीत दोन काळ आले, तर तिच्या दोन ओळी कराव्यात. ‘लीड’चे भूतकाळी रूप ‘लेड’. त्याच्या स्पेलिंगमध्ये ‘ए’ नसतो, आणि स्पेलचेकरला ही चूक सहसा सापडत नाही.

नोकरी सोडल्यावर त्या नोंदीतील उरलेली वर्तमानकाळी क्रियापदेही त्याच दिवशी बदलावीत.